व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट की चॅनल? ग्राहकांना सूचना पाठवायची तर आधी हे ठरवा

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका जुन्या ग्राहक काकूंचा फोन आला. आवाजात नाराजी होती. "अगं, यंदा आंबे आणलेच नाहीस का? मेसेज नाही, काही नाही."

"काकू, तीनदा पाठवला की मेसेज."

"मला एकही आला नाही."

त्या संध्याकाळी पेटी द्यायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा उलगडा झाला. काकूंनी फोन बदलला होता. माझा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मार्चच्या पानावर पेनानं लिहिलेला होता, पण नव्या फोनमध्ये सेव्ह केलेला नव्हता. मी मेसेज पाठवत होते ब्रॉडकास्ट लिस्टमधून. आणि ब्रॉडकास्टचा नियमच असा आहे की ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे, त्यालाच तो पोहोचतो. बाकीच्यांना जात नाही, आणि गेला नाही असं मोठ्यानं कुणी सांगतही नाही.

देवगड तालुक्यातून सासरे पेट्या लावतात आणि मी पुण्यात त्या घरोघरी विकते. ग्राहक तीनशेच्या आसपास आहेत. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपवर हे काम करताना ब्रॉडकास्ट लिस्ट आणि चॅनल दोन्ही वापरून झालं, दोन्हीकडे नुकसानही झालं. नव्यानं धंदा सुरू करणाऱ्याला यातलं काय निवडावं हे कळावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. तुम्ही साड्या, फराळ, मसाले, रोपं काहीही विकत असाल तरी हिशोब हाच लागतो.

दोन्हींत नेमका फरक काय

ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे तुमच्या फोनमधली नावांची यादी. तुम्ही एकदा मेसेज लिहिता आणि तो यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो. समोरच्याला तो तुमच्या-त्याच्या नेहमीच्या चॅटमध्येच दिसतो, जणू तुम्ही त्याला एकट्यालाच लिहिलंय. तो उत्तर देतो तेही फक्त तुम्हाला. यादीत आणखी कोण आहे हे कुणालाच कळत नाही. एका यादीत जास्तीत जास्त 256 जण बसतात, पण याद्या एकाहून अधिक करता येतात.

चॅनल म्हणजे दुकानाबाहेर लावलेला फळा. ज्याला वाचायचं आहे तो स्वतः येऊन फॉलो करतो. भारतात ही सोय सप्टेंबर 2023 मध्ये आली. फॉलोअर किती असावेत याला मर्यादा नाही. त्यांना तुमचा नंबर दिसत नाही आणि तुम्हाला त्यांचे नंबर दिसत नाहीत. जे आधीपासून तुमच्या संपर्कात आहेत तेवढेच ओळखता येतात. चॅनलवरचा मजकूर चॅटच्या यादीत येत नाही, `Updates` नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये राहतो. लोक त्यावर इमोजी टाकू शकतात, पोलमध्ये मत देऊ शकतात, पण नेहमीच्या चॅटसारखं "मला दोन पेट्या ठेवा" असं उत्तर तिथे लिहिता येत नाही.

तिसरा पर्याय ग्रुपचा, आणि तो मी एका वाक्यात बाद करते. ग्राहकांचे नंबर एकमेकांना दिसतात, आणि कुणीतरी सकाळी गुलाबाची फुलं पाठवायला लागलं की निम्मे लोक ग्रुप म्यूट करतात.

पहिली पायरी: तुमच्या सूचना वेगळ्या करा

अ‍ॅप उघडण्याआधी कागद घ्या. गेल्या हंगामात, किंवा गेल्या दोन महिन्यांत, तुम्ही ग्राहकांना काय काय कळवलं ते लिहून काढा. मग प्रत्येक सूचनेपुढे दोन गोष्टी लिहा. वाचून झाल्यावर ग्राहकानं काही करायचं आहे का? आणि ही सूचना किती तासांत शिळी होते?

माझा कागद असा होता. "मंगळवारी सकाळी खेप येते, हवी असेल तर सोमवारी दुपारी 12 पर्यंत कळवा" यावर ग्राहकाचं उत्तर लागतं आणि एका दिवसात सूचना शिळी होते. "घाटात गाडी अडकली, पेट्या सकाळऐवजी संध्याकाळी मिळतील" ही सूचना फक्त त्या खेपेत बुकिंग केलेल्या चाळीस जणांसाठी आहे आणि दोन तासांत निरुपयोगी होते. "आंबे पेटीतून काढून गवतावर पसरून ठेवा, फ्रिजमध्ये कच्चे ठेवू नका" याला उत्तर नको, आणि ती सबंध हंगामभर चालते. बागेतले फोटो, मोहोर कसा आहे, यंदा पहिली तोड साधारण कधी होईल, यालाही उत्तर नको; कधीही वाचलं तरी चालतं.

पहिल्या दोन सूचना ब्रॉडकास्टच्या आहेत. शेवटच्या दोन चॅनलच्या. ज्या सूचनेला उत्तर हवं आहे किंवा जी आजच्या आज शिळी होते ती चॅनलवर एकटी सोडू नका, हे मी अनुभवानं सांगते. एका हंगामात गाडीबरोबर 25 जास्तीच्या पेट्या आल्या. फळ तयार होत आलं होतं, दोन दिवसांत जायलाच हवं होतं. मी सकाळी 10 वाजता चॅनलवर टाकलं आणि निर्धास्त राहिले. दिवसभरात सहा जणांनी फोन केला. रात्री नऊनंतर, जेवणं आटोपून लोक मोबाइल घेऊन बसले, तेव्हा बाकीच्यांना दिसलं. "अजून आहेत का?" असे फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत राहिले. तोवर उरलेला बराच माल रस काढणाऱ्याला निम्म्या दरात दिला होता.

असं का झालं याचं कारण साधं आहे. चॅनल फॉलो केलं की त्याची नोटिफिकेशन मुळातच बंद असते. फॉलोअरनं स्वतः चॅनल उघडून घंटीच्या चिन्हावर टॅप केलं तरच फोन वाजतो. मला हे माहीतच नव्हतं. मी समजत होते की 140 जणांचे फोन वाजले.

ब्रॉडकास्ट लिस्ट नीट उभी करायची पद्धत

अँड्रॉइडवर `Chats` टॅबमध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर टॅप केलं की `New broadcast` दिसतं. त्यात नावं निवडायची, बरोबरच्या खुणेवर टॅप करायचं, यादी तयार. यादी उघडून वरच्या नावावर टॅप केलं की तिला नाव देता येतं आणि माणसं वाढवता-कमी करता येतात. फोन मराठीत असेल तर याच जागी मराठी शब्द दिसतील.

यादी करणं दोन मिनिटांचं काम आहे. खरं काम आहे ते ग्राहकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करवून घेण्याचं. आणि ते झालंय की नाही हे तपासता येतं.

काकूंच्या प्रसंगानंतर मी हे करून बघितलं. 310 ग्राहक होते, म्हणून भागानुसार दोन याद्या केल्या: एक कोथरूड-कर्वेनगरची, दुसरी सिंहगड रोडची. दोन्हींवर एक साधी सूचना पाठवली. लगेच तपासलं नाही, कारण कुणाचा फोन बंद असतो, कुणाचं नेट संपलेलं असतं. दोन दिवस थांबले. मग पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि वरच्या मेनूतून `Info` उघडलं. तिथे कुणी वाचला आणि कुणाला पोहोचला, अशी नावांची यादी दिसते. ज्यांनी निळ्या खुणा बंद ठेवल्या आहेत ते वाचलेल्यांत दिसत नाहीत, पोहोचलेल्यांत दिसतात, म्हणून दोन्हींतली नावं मिळून आकडा धरायचा. दोन्ही याद्या मिळून 188 जणांना मेसेज पोहोचला होता. 122 जणांना नाही. म्हणजे दहा ग्राहकांपैकी चारांना मी गेली कित्येक वर्षं काहीच कळवत नव्हते, आणि मला वाटत होतं लोकांना यंदा आंबा महाग वाटतोय.

त्या 122 जणांना एकेकट्याच्या चॅटमध्ये मेसेज पाठवला. एकट्याला पाठवलेला मेसेज, त्यानं नंबर सेव्ह केलेला नसला तरी जातो. पण इथे एक सांभाळा. एकच मजकूर शंभर जणांना धडाधड चिकटवत सुटू नका. लोकांना तुम्ही अनोळखी नंबर दिसता, काही जण ब्लॉक करतात, काही जण तक्रार नोंदवतात, आणि अशा तक्रारी साचल्या की व्हॉट्सअ‍ॅप खातं बंद करू शकतं. हंगामाच्या तोंडावर धंद्याचा नंबर बंद होणं म्हणजे काय, ते ज्याचं झालंय त्यालाच विचारावं. मी रोज पंधरा-वीस जणांनाच लिहीत होते, नाव घालून, मागच्या वर्षी काय घेतलं होतं त्याची आठवण देऊन:

"नमस्कार जोशीकाका, मी देवगडच्या आंब्याची. गेल्या वर्षी तुम्ही मे महिन्यात दोन पेट्या घेतल्या होत्या. यंदाही खेप कधी येते ते कळवू का? हवं असेल तर हा नंबर 'देवगड आंबा' नावानं सेव्ह करा, म्हणजे माझे मेसेज पोहोचतील. नको असेल तर तसं सांगा, यादीतून नाव काढते."

यातली दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. एक, कुठल्या नावानं सेव्ह करायचं ते सांगितलं आहे. लोकांना तुमचं आडनाव आठवत नाही, माल आठवतो. दोन, नको म्हणायला वाट ठेवली आहे. जे नको म्हणाले त्यांना मी खरोखर त्याच दिवशी यादीतून काढलं. आठवडाभरानं पुन्हा एक ब्रॉडकास्ट पाठवून मोजलं, तर आकडा 188 वरून 259 वर गेला होता.

नवीन ग्राहकांसाठी आता उलटी वाट ठेवली आहे: आधी त्यांनी मला मेसेज करायचा. पेटीवर चिकटवायच्या कागदावर क्यूआर कोड छापला आहे. तो या दुव्याचा आहे:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Devgad%20amba
```

91 नंतर आपला दहा आकडी नंबर घालायचा. अधिकचं चिन्ह किंवा आधी शून्य लावायचं नाही. `%20` ही मधली मोकळी जागा. कोड स्कॅन केला की ग्राहकाच्या फोनवर माझं चॅट उघडतं आणि "Devgad amba" हे शब्द लिहून तयार असतात, त्यानं फक्त पाठवायचं. त्यानं स्वतः मेसेज केल्यामुळे ओळख पटलेली असते. मग मी त्याचा नंबर सेव्ह करते, त्याला माझा सेव्ह करायला सांगते आणि विचारून यादीत घालते.

खेपेच्या सूचनेचा मजकूरही असा लिहा की ग्राहकाला एका शब्दात उत्तर देता येईल. माझा मजकूर साधारण असा असतो: "मंगळवार सकाळची खेप. 4 डझनाची पेटी, 5 डझनाची पेटी. हवी असेल तर फक्त 4 किंवा 5 आणि किती पेट्या एवढं लिहा. सोमवार दुपारी 12 नंतर बुकिंग बंद." उत्तरं वेगवेगळ्या चॅटमध्ये येतात, त्यामुळे पहिल्या तासात फोन हातात ठेवावा लागतो. बिझनेस अ‍ॅपमध्ये चॅटला लेबल लावता येतं. ज्यांचं बुकिंग आलं त्यांना मी "मंगळवार खेप" हे लेबल लावत जाते. घाटात गाडी अडकली तर त्या चाळीस जणांनाच कळवायचं असतं, बाकीच्यांना उगाच नाही.

किती वेळा पाठवायचं? माझा नियम आठवड्याला जास्तीत जास्त दोन. ब्रॉडकास्ट माणसाच्या खाजगी चॅटमध्ये शिरतो. तिथे त्याच्या मुलीचा मेसेज असतो, डॉक्टरांचा असतो. "शुभ सकाळ" आणि सणांची चित्रं मी या यादीवर कधीच पाठवत नाही. शिवाय 2025 पासून व्हॉट्सअ‍ॅप महिन्याला किती ब्रॉडकास्ट पाठवता येतील यावरही मर्यादा घालून बघत आहे, तेव्हा तुमच्या अ‍ॅपमध्ये तसा आकडा दिसत असेल तर तो हंगामाच्या गर्दीच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा.

चॅनल कधी आणि कसं

चॅनल काढायला `Updates` टॅबमध्ये अधिकच्या चिन्हावर टॅप करून `Create channel` निवडायचं, नाव आणि दोन ओळींची माहिती लिहायची, फोटो लावायचा. नावात माल आणि गाव दोन्ही ठेवा, कारण चॅनल सार्वजनिक असतं, शोधल्यावर कुणालाही सापडतं. "कुणालाही" यात शेजारचा आंबेवालाही आला. म्हणून ठरावीक ग्राहकांना दिलेला दर, कुणाचं नाव, पत्ता किंवा पैसे पाठवल्याचे फोटो तिथे कधीही टाकायचे नाहीत. वैयक्तिक चॅटसारखं चॅनल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतं, हेही ध्यानात असू द्या.

चॅनल तयार झाल्यावर दुवा मिळतो. तो ब्रॉडकास्टवरून एकदाच पाठवा आणि त्याच मेसेजात घंटीचं सांगा. "फॉलो करा" एवढंच लिहिलं की लोक फॉलो करतात आणि विसरतात. मी माझ्या नवऱ्याच्या फोनवर चॅनल उघडून पडद्याचा फोटो काढला, वरच्या घंटीभोवती लाल गोल केला आणि तो दुव्यासोबत पाठवला. लिहून सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

चॅनलवरचं किती जणांपर्यंत पोहोचतंय हे बघायला मी पोल वापरते. पहिल्यांदा विचारलं होतं, "यंदा तुम्हाला पहिली पेटी कधी हवी? पाडव्याला, एप्रिलमध्ये, मे महिन्यात". 140 फॉलोअर असताना एका दिवसात 37 मतं पडली. घंटीचा फोटो पाठवल्यावर पुढच्या पोलला 64 पडली. मत न देता वाचणारेही असतात, पण चॅनलवर विसंबून कुठलं काम करायचं आणि कुठलं नाही याचा अंदाज या आकड्यावरून येतो. निम्म्याहून कमी लोक दिवसभरात बघत असतील तर तिथे "आज संध्याकाळपर्यंत" असं काही लिहिण्यात अर्थ नाही.

आणखी एक अडचण नव्या लोकांना उशिरा कळते. चॅनलवरचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर 30 दिवसच राहतो. मार्चमध्ये टाकलेली "आंबा कसा पिकवावा" ही सूचना मे महिन्यात फॉलो केलेल्या ग्राहकाला सापडेल असं समजू नका. मी ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा टाकते. पेट्यांचे प्रकार बिझनेस अ‍ॅपच्या कॅटलॉगमध्ये ठेवले आहेत, कारण तिथून ते आपोआप जात नाहीत.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. चॅनलचे फॉलोअर तुमच्या वहीत नसतात. त्यांचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत, तेव्हा उद्या चॅनल बंद पडलं किंवा तुम्ही दुसऱ्या अ‍ॅपवर गेलात, तर त्या माणसांना कळवायला हातात काही नाही. म्हणून चॅनलवरच्या प्रत्येक चौथ्या-पाचव्या पोस्टखाली मी वरचा `wa.me` दुवा टाकते: "बुकिंगसाठी इथे मेसेज करा". चॅनलवरून आलेला माणूस एकदा माझ्या चॅटमध्ये आला की त्याचा नंबर वहीत जातो. वही म्हणजे खरोखरची वही. नाव, नंबर, सोसायटी, गेल्या वर्षी किती पेट्या. फोन हरवला तर ब्रॉडकास्ट लिस्टही जाऊ शकते, तेव्हा वही कामाला येते.

मग सुरुवात कशानं करावी

ग्राहक 256 च्या आत असतील आणि बहुतेक सूचनांना उत्तर हवं असेल, तर फक्त ब्रॉडकास्ट लिस्ट. पहिलं वर्ष चॅनल काढूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तेवढ्या वेळात लोकांकडून नंबर सेव्ह करवून घेण्याचं काम जास्त फळ देतं. चॅनल तेव्हा काढा, जेव्हा तुमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी सांगण्यासारखं काही असेल आणि ते ऐकायला तुमच्या यादीबाहेरचेही लोक उत्सुक असतील. रोपवाटिका असेल, वाचनालय असेल, शिकवणी वर्ग असेल, तर ही वेळ लवकर येते. रोज ताजी मासळी विकणाऱ्याला ती कदाचित कधीच येणार नाही. त्याचा माल सकाळी 11 ला संपतो आणि त्याला त्याआधी "एक किलो सुरमई ठेवा" असं उत्तर हवं असतं.

दोन्ही ठेवलंत तर एकच सूचना दोन्हीकडे सारखी टाकू नका. लोकांना एकच गोष्ट दोनदा दिसली की ते एक जागा बंद करतात, आणि सोपं असतं ते ब्रॉडकास्ट पाठवणाऱ्याला म्यूट करणं. खेप, दर, बुकिंग, उशीर ब्रॉडकास्टवर. बाग, फोटो, पिकवण्याची माहिती, पोल चॅनलवर.

हंगाम संपला की जूनमध्ये मी एक शेवटचा ब्रॉडकास्ट पाठवते: "यंदाचा आंबा संपला, आता मार्चमध्ये कळवीन." दोन दिवसांनी `Info` उघडून पोहोचलेल्यांची नावं वहीशी ताडून बघते. ज्यांच्यापर्यंत तो गेला नाही त्यांच्या नावापुढे पेन्सिलनं फुली मारते, आणि पुढच्या फेब्रुवारीत, मोहोर बघायला गावी जाण्याआधी, त्या फुल्यांना रोज पंधराप्रमाणे मेसेज करायला घेते.